शून्याचा ताळा

चामोर्शीच्या शाळेत मी आणि माझ्या बाकावरची मैत्रीण शून्य भागिले शून्यावरून कडाकडा भांडलो.

मी म्हटलं, "एक. कोणत्याही संख्येले त्याच संख्येनं भागलं का एकच येते."

ती म्हणाली, "शून्य. शून्याले कशानंही भाग, शून्यच."

भागाकार केला की गुणून ताळा पाहायचा, ही सरांची शिस्त. एक गुणिले शून्य, शून्य. माझा ताळा जुळला. शून्य गुणिले शून्य, शून्य, तिचाही जुळला. तिनं चिडून उत्तरात सात लिहिला. तोही जुळला!

मी म्हटलं, "अवं, हे तं काहीही टाकलं तरी जुळून राह्यलं! मंग नेमकं उत्तर कोणतं? कोणतंच नाई."

आता त्याच वर्गात मी गणित शिकवते. ताळा जुळला म्हणून कोणी फुशारलं, की फळ्यावर तिचा सात लिहिते.