साडेआठचं माप

बाबा पांढुर्ण्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि आवारातलं पर्जन्यमापक त्यांच्या ताब्यात होतं. कठड्याच्या आत जमिनीत रोवलेलं नळकांडं, वर फनेल, आत बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी खुणा केलेल्या काचपात्रात ओतायचं, मिलिमीटर वाचून वहीत लिहायचे आणि पाणी फेकून द्यायचं. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत पडलेला पाऊस आजच्या तारखेचा.

ऐंशीच्या दशकातल्या एका ऑगस्टमध्ये मंगळवारी संध्याकाळी लागलेला पाऊस बुधवारी दुपारपर्यंत कोसळत होता. बुधवारी बाबा गुडघाभर पाण्यातून कचेरीत गेले, वेळेवर मापलं आणि रिकामी बाटली पुन्हा ठेवली. त्यानंतरचा पाऊस गुरुवारच्या तारखेत गेला.

मग शेजारच्या सौंसर गावचा बुधवारचा आकडा आला. आमचा आकडा आधीच्या सगळ्या नोंदींहून मोठा होता, सौंसरचा त्याहूनही बराच मोठा. जिल्ह्यात एका दिवसाचा एवढा पाऊस कोणत्याच वहीत नव्हता.

पांढुर्ण्याला हे सहन होईना. संत्र्याचे व्यापारी चहाच्या टपरीवर बाबांना अडवत. “बाबूजी, दुपारलोक थांबले असते तं का बिघडलं असतं? आपला रेकॉर्ड तुमीच फेकून देल्ला नं!”

“नियम हाय साडेआठचा,” बाबा म्हणत.

“नियमच पाहून राहा तुमी. तिकडं सौंसरवाले पेढे वाटून राहिले.”

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण पांढुर्ण्याचे लोक दोन दिवसांची बेरीज करून आपलाच पाऊस मोठा म्हणू लागले, तशी सौंसरकडून जिल्ह्याला तक्रार गेली: अशा पुरात कचेरीत कोण गेलं असेल? पांढुर्ण्याच्या बाबूंनी घरी बसून एका पावसाचे अंदाजाने दोन भाग केले. चौकशीसाठी पावसाच्या नोंदी तपासणाऱ्या भू-अभिलेख खात्याचे एक साहेब सौंसरला येणार होते. तक्रार खरी ठरली असती, तर बाबांच्या अनेक वर्षांच्या वहीवर ‘संशयास्पद’ असा शेरा बसला असता. त्या आठवड्यात बाबा जेमतेम जेवले.

नियमांची पुस्तिका इंग्रजीत होती. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून बाबा मला सोबत घेऊन गेले. “तू फक्त वाचून दाखव, बोलायचं मी पाहतो,” ते बसमध्ये म्हणाले. मला तेच हवं होतं. अनोळखी माणसांत माझा आवाज फुटत नसे.

सौंसरच्या कचेरीत टेबलावर दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या होत्या. सौंसरचे बाबू पोट सुटलेले, हसतमुख. “या भाऊ. पोरीले बी आनलं? वकील का?”

साहेबांनी विचारलं, “बुधवारी साडेआठला मापलंत, याला पुरावा काय?”

बाबांना घाम फुटला. “साहेब, मी तं रोजच मापतो,” एवढंच ते म्हणाले.

आमच्या वहीचं पुढचं पान मला माहीत होतं. मी ते उलटलं. तिथे तारेची पावती चिकटवलेली होती. जास्त पाऊस झाला की आकडा तारेनं कळवावा लागे, आणि त्या सकाळी बाबा भिजलेल्या कपड्यांनीच तार करून आले होते. शिक्का बुधवारचा, वेळ दहाच्या आतली. सोबत तारेच्या मजकुराची नक्कल, आकडा वहीतलाच. साहेबांनी दोनदा ताडून पाहिला.

तेव्हाच माझी नजर सौंसरच्या वहीतल्या शेवटच्या रकान्यावर गेली. बारीक अक्षरात हिंदीत लिहिलं होतं: ‘नाले में बाढ़, १२ बजे नापा.’ एवढे दिवस सगळे फक्त आकडाच वाचत होते.

आवाज फुटला, पण कापरा. “सर, यांनी बारा वाजता मापलंय. म्हणजे हे माप मंगळवारी साडेआठपासून साडेसत्तावीस तासांचं झालं.”

मी पुस्तिका उघडून वाचलं आणि मराठीत सांगितलं: वेळ चुकली, तर तो साठलेला पाऊस म्हणून नोंदवावा, एका दिवसाचा आकडा म्हणून धरू नये.

सौंसरचे बाबू लाल झाले. “नाल्याले पूर होता, साहेब! उडून येऊ का? अन् पाऊस का आमच्याकडं कमी पडला?”

“कमी म्हणत नाही,” साहेब म्हणाले. “तुम्ही वेळ खरी लिहिली, हे चांगलं केलं. पण साडेआठपर्यंत तुमच्याकडे किती पडला, हे आता कोणीच सांगू शकत नाही. यांच्याकडचं सांगता येतं.”

त्यांनी सौंसरच्या आकड्यापुढे ‘साठलेला’ असं लिहिलं. मग आमची वही ओढून बुधवारच्या ओळीपाशी ‘तपासले, बरोबर’ लिहून सही केली. एका दिवसाचा जिल्ह्यातला सगळ्यात मोठा आकडा पांढुर्ण्याचा ठरला.

सौंसरचे बाबू चहा सांगायला उठले. जाताना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “भाऊ, ही पोरगी आमाले देऊन टाका कचेरीत.”

“नाही जमत,” बाबा म्हणाले आणि इतक्या मोठ्यानं हसले, की बाहेरचा शिपाई आत डोकावला. चहा येईपर्यंत त्यांनी ती सही तीन वेळा पाहिली. मग वही माझ्यापुढे सरकवली. “वाच नं,” ते म्हणाले. “मोठ्यानं वाच.”

मी वाचलं. या वेळी आवाज कापला नाही.