जिनातला कापूस आणि मुंबईचा भाव

दुसरी लढाई सुरू झाली त्या हिवाळ्यात वाशीमच्या तारऑफिसच्या ओसरीवर जेवढी माणसं जमत, तेवढी मी वकिली करीत होतो त्या कोर्टात कधी जमली नाहीत. दुपारी मुंबईहून रुईच्या भावाची तार यायची. ज्यांनी केनवडच्या पलीकडचा मुलूख पाहिला नव्हता ते पोलंडच्या सरहद्दीबद्दल भांडत, आणि तिथं माणसं मरत होती याचं ओसरीला दुःख नव्हतं. लढाई वाढली की भाव वाढत होता.

माझा मामेभाऊ, आमचा दादा, त्या ओसरीवर जात नसे. त्याचा कापसाचा कारखाना होता, मामांनी उभा केलेला. गावात त्या कारखान्याला नुसतं जीन म्हणत. मामांच्या मागं मामी आणि दादा, दोघांचं सगळं त्या एका जिनावर होतं. धंदा साधा होता. दिवाळीनंतर कापूस घ्यायचा, सरकी काढून रुईच्या गाठी बांधायच्या, आणि गाठी खपेपर्यंत भाव पडला तर बुडू नये म्हणून मुंबईच्या वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यात, तेवढीच रुई आधीच विकून ठेवायची. भाव पडला तर गोदामात तोटा आणि वायद्यात फायदा. चढला तर त्याच्या उलट. कमाई काय ती सरकी काढण्याची. या धंद्यात सांगण्यासारखी एकही गोष्ट घडत नसे, आणि म्हणूनच मामा झोपेत शांतपणे गेले.

त्या हिवाळ्यात भाव चढला तसा विकलेल्या वायद्याचा फरक रोख भरावा लागे. मुंबईचा दलाल मागे, दादा पाठवी. गोदामातल्या गाठी तेवढ्याच महाग झाल्या होत्या, पण गाठी काही बोलत नाहीत. बाहेर जाणारा पैसा मात्र खणखणत जातो.

त्यातच समोरच्या सरकीच्या व्यापाऱ्यानं मोटार घेतली. वायदा घेऊन बसला होता, भाव त्याच्या बाजूनं गेला. गावात मोटार जाईल असा रस्ता एकच, आणि त्याचं घर, दुकान, देऊळ सगळं त्याच रस्त्यावर. तरी तो दुकानात मोटारीनं जाई. पुढं बँडवाले चालत, त्यामुळं मोटारही चालण्याच्याच वेगानं जाई.

“वकील,” दादा मला म्हणाला, “गादी चामड्याची हाय म्हनतात.”

“मग घाम येत असेल.”

“तुले थट्टाच सुचते. साऱ्या गावानं कमावलं. मी एकटाच पैसे भरून राह्यलो.”

“तुझ्या गाठी चढल्या नाहीत का?”

“गाठी हायेतच रे. त्या कुठं जातात?”

हे वाक्य मी नंतर पुष्कळ वेळा आठवलं. फायदा त्याला घरचा वाटत होता आणि तोटा परक्यानं केलेला. एकाच व्यवहाराची दोन टोकं त्यानं मनात दोन वेगळ्या घरांत ठेवली होती. शिवाय पूर्वी तो विचारी, रुईचा धागा कसा आहे, ओल किती आहे. आता विचारू लागला, आणखी कोणी घेतलं.

संक्रांतीच्या सुमाराला त्यानं विकलेला वायदा परत विकत घेऊन मिटवून टाकला. त्या दिवशी त्याचा चेहरा ताप उतरलेल्या माणसासारखा होता. आता भरणा थांबला होता. आता भाव पडला तर वाचवणारंही काही उरलं नव्हतं, पण ते त्या दिवशी दिसत नव्हतं. आठवड्याभरात त्यानं वर आणखी वायदा घेतला. भाव चढतोच आहे तर आपण काहून मागं राहायचं?

मग तो ओसरीवर जाऊ लागला. आधी माणूस पाठवी, मग स्वतः, मग जेवण अर्धं टाकून. सकाळी घेई, दुपारी विकी, चूक झाली म्हणून पुन्हा घेई. थोडा फायदा दिसला की, “घरी आलेली लक्ष्मी हाय,” म्हणत सौदा कापी. तोटा दिसला की ठेवून देई: “विकलंच नाई तर नुकसान कुठं झालं?” अशानं चांगले सौदे निघून गेले आणि वाईट तेवढे साठत राहिले. भाव कुठंही जावो, प्रत्येक सौद्याला दलाली लागत होती. मुंबईच्या दलालानं रेशमी दोरी बांधून तिळगूळ पाठवला. दादा भारावला. मी दोन वड्या खाल्ल्या. इतका महाग तिळगूळ पुन्हा मिळणार नव्हता.

उन्हं तापू लागली आणि भाव उतरू लागला. आधी थोडा. दादा म्हणाला, दम खातो आहे. मग आणखी. तो म्हणाला, स्वस्तात मिळतो आहे, आणि घेतला. ओसरीवरची गर्दी तेवढीच होती, पण आता कोणी सरहद्दीबद्दल भांडत नव्हतं. तार वाचून माणसं एकेक करून खाली उतरत, आणि एकमेकांकडं न पाहता निघत.

एका दुपारी जिनात मामी आली. ती तिथं क्वचितच येई.

“काहून रे, जेवाले येत नाई तू?”

“येतो ना माय. तार पाहून येतो.”

“एक सांग मले. आज तुह्या गोदामात काईच नसतं, हातात नुसता पैसा असता, तर आजच्या भावानं एवढा कापूस घेतला असता का?”

दादानं एकवार गोदामाकडं पाहिलं. मग म्हणाला, “पन मी तर मोठ्या भावानं घेतला ना, माय.”

“भावाले काय मालूम तू कितीले घेतला ते?”

मी पुष्कळ जाड पुस्तकं वाचली आहेत; त्यांत याच्याहून नेमका प्रश्न मला मिळाला नाही. दादालाही तो समजला. त्याचा चेहरा पडला, त्यावरून कळलं. पण समजणं आणि तार लिहिणं यांत तारऑफिसइतकं अंतर होतं.

“घेतल्या भावाले आला की निंघतो,” तो म्हणाला. “माह्या गळ्याची आन.”

मध्ये भाव खरंच वर आला, त्याच्या आकड्याच्या अगदी जवळ. मी म्हटलं, दादा, आता नीघ. तो म्हणाला, “आता तर चढून राह्यला. आताच काहून निंघू?”

मग फ्रान्स पडल्याची बातमी आली, युरोपात रुई घेणारं कोणी उरलं नाही, आणि भाव विहिरीत दगड पडावा तसा गेला. दलालाची तार आली: फरक भरा, नाहीतर तुमचा वायदा आम्हीच विकतो. या वेळी रेशमी दोरी नव्हती. फरक भरायला जीन गहाण टाकावा, असं दादा म्हणाला. मामी जिनाच्या दारातच बसली.

“गाठी वीक. वायदा वीक. आज. जीन देत नाई मी.”

“माय, इतक्या खाली कोन विकते?”

“ज्याले बुडाचं नाई, तो विकते.”

संध्याकाळपर्यंत सगळं विकलं गेलं, वर्षातल्या जवळजवळ सर्वांत खालच्या भावानं. जीन उरला. पुढच्या हंगामात कापूस घ्यायला पैसा नव्हता, म्हणून दुसऱ्यांच्या कापसाची सरकी मजुरीनं काढायचं ठरलं. मामी म्हणाली, हेही पोटापुरतं आहे.

दिवाळी झाली. मी जिनात गेलो तेव्हा यंत्रं चालू होती, काट्यावर इंझोरीच्या एका शेतकऱ्याचा कापूस होता, आणि तो तोलायला मामी स्वतः उभी होती. पदराला, केसांना रुई चिकटलेली.

“दादा कुठं गेला?”

“अकोल्याले. सकाळच्या गाडीनं.”

“काय काम?”

“जवसाचा भाव पाह्याले.” तिनं काट्यावरून नजर काढली नाही. “तिथं एक दलाल भेटला म्हने, लय चांगला मानूस हाय. जातानी म्हनला, माय, गेलेलं तेवढं परत आनतो, मंग कधी सौद्याचं नाव घेत नाई.”

“जवसातलं त्याला काय कळतं?”

“काईच नाई,” मामी म्हणाली, आणि पुढचं गाठोडं ठेवायची तिनं खूण केली.