दादूच्या कागदावरची बारावी ओळ

काम संपलं, असं दादू पागधरे कधी म्हणत नाही. टाइल्सवरचा शेवटचं पांढरं सिमेंट पुसून तो म्हणतो, "ताई, आता तुमची परीक्षा." आणि खिशातून एक प्लास्टिकमध्ये घातलेला कागद काढतो. त्यावर त्याच्याच तिरक्या अक्षरात अकरा ओळी आहेत. त्या अकराही गोष्टी मालकाने आपल्या हाताने करून बघायच्या. दादू फक्त बाजूला उभा राहतो.

"तूच करून दाखव ना," मी म्हटलं होतं.

"माझा हात लागला तं परीक्षा माझी होईल, बाथरूमची नाय."

दादू मूळचा समुद्राकाठच्या नवापूरचा. घरात होड्या. पण त्याला समुद्र लागायचा. बापाने कपाळावर हात मारला आणि त्याला किनाऱ्यावरच्या कामाला लावलं, म्हणजे होडीच्या फळ्यांमधल्या फटी कापूस आणि राळ घालून बुजवायच्या. होडी पाण्यात सोडण्याआधी तिच्या आतच पाणी भरतात आणि बाहेरून कुठे घाम फुटतो ते बघतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं. पुढे तारापूरच्या कारखान्यांत तो ठेकेदाराकडे पाइप जोडायला गेला. तिथे पाइपात दाबाने पाणी भरून काटा बघायची सवय लागली. लग्नानंतर बायको म्हणाली, कारखाना पुरे, तेव्हापासून बोईसरमध्ये घरोघरी प्लंबिंग. "काम एकच हाय ताई," तो म्हणतो. "तिथे पाणी आत यायला नको, इथे भायेर जायला नको."

आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. खाली किंजल राहते, पुढच्या खोलीत लग्नाचे ब्लाउज शिवते. मागच्या वेळी ज्याने आमचं बाथरूम केलं होतं, त्याने नळ उघडला, पाणी आलं, नळ बंद केला आणि म्हणाला, झालं. चार महिन्यांनी किंजलच्या छतातून एका नवरीच्या जरीच्या कापडावर पिवळा डाग पडला. किंजल भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती बिचारी दोन दिवस फक्त छताकडे बघत होती.

यंदा मला चुकून चालणार नव्हतं. माझी दीपा पहिल्या बाळंतपणाला वापीहून रविवारी दुपारी चारला येणार होती. सातवा संपत आलेला. तिला खाली बसवत नाही आणि घरातल्या दुसऱ्या संडासात जुनी, उकिडवं बसायची सोय. म्हणजे नवं बाथरूम रविवारी चारच्या आत हातात यायलाच हवं होतं. मी तसं दादूला रोज सकाळी आणि संध्याकाळी सांगत होते. मध्ये एकदा फोनवरही.

शुक्रवारी सकाळी परीक्षा सुरू झाली. टाइल्सच्या आत गेलेल्या पाइपांचं आता बघण्यासारखं काही नव्हतं, पण दादूने त्यांचा फोटो फोनमध्ये ठेवला होता. भिंत उघडी, पाइपाला पंप लावलेला, दाबाचा काटा. आणि दोन तासांनी घेतलेला दुसरा फोटो, काटा तिथेच. मी दोन्ही फोटो मोठे करून बघितले. मग आणखी मोठे.

"ताई, काटा हाय तो. पोरीचा नवरा नाय पारखत."

मग त्याने मला बेसिन काठोकाठ भरायला लावलं. वरच्या भोकातून पाणी बिनबोभाट गेलं. मग बूच एकदम उघडायचं आणि खालच्या प्रत्येक जोडावर वर्तमानपत्राचा कोरडा कागद फिरवायचा. बोटाला ओल कळत नाही, कागदाला कळते. कागद कोरडा राहिला. फ्लशच्या टाकीत निळीचे चार थेंब टाकले आणि अर्धा तास कुणी फ्लश करायचा नाही असं ठरलं. कमोडमधलं पाणी निळं झालं तर टाकी आतल्या आत गळते. तो अर्धा तास मी कमोडसमोर उभी राहून काढला. दादूने तेवढ्यात चहा घेतला.

गिझरचं बटण दाबायला मी हात पुढे केला, तर तो जवळजवळ ओरडलाच. "आधी गरम नळातून पाणी येऊ द्या! टाकी भरली का नाय ते बगा, मंग बटण." नळ आधी फसफसला, मग सरळ वाहू लागला, तेव्हा बटण. पाणी डाव्या बाजूला गरम आलं. मग त्याने मला प्रत्येक नळाखालची छोटी कळ फिरवून ते ते पाणी बंद करायला शिकवलं. "नळ तुटला तं मला फोन नंतर, आधी ही कळ." टाइल्सवर नाण्याने टकटक करून पोकळ आवाज ऐकला. नहाणीच्या जाळीत टॉर्च मारून पाणी उभं आहे ना ते बघितलं. ते पाणी गटाराचा वास अडवतं. दहा ओळींवर मी सही केली.

अकरावी ओळ सगळ्यात मोठी. नहाणीचं तोंड रबरी बुचाने घट्ट बंद करायचं, दारात चिकणमातीचा बांध घालायचा आणि जमीन जिथे सगळ्यात उंच तिथेही दीड इंच पाणी उभं राहील इतकं भरायचं. भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारायची. चोवीस तास कुणी हात लावायचा नाही. मग रेघ बघायची आणि खालचं छत बघायचं.

"चोवीस तास?" मी म्हटलं. "दादूभाऊ, टाइल लावायच्या आधी हेच केलं होतं ना?"

"तेवा वॉटरप्रूफिंगची परीक्षा होती. टाइल लावताना कुनाची छन्नी कुठं लागली, ते कसं कळनार?"

"आणि डास? साचलेलं पाणी. घरात गरोदर मुलगी येणार. डेंग्यूचे डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच होतात."

"एका दिवसात डास होत नाय, ताई. त्याला आठवडा लागतो."

पटलं मला. अकरा वाजता पाणी भरून रेघ मारली. पण दिवसभर घरात मी डास, डास करत फिरत होते, ते काही थांबलं नाही.

शनिवारी अकराला दादू आला. चपला काढून, बांधावरून वाकून त्याने रेघ बघितली. मग पुन्हा बघितली. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. पाणी रेघेच्या चांगलं अर्धा इंच खाली गेलं होतं.

"हवेने जातं ना थोडं?" मी विचारलं.

"हवेने एक सूत जातं. हे चार सूत हाय."

आम्ही धावत खाली गेलो. किंजल मशीनवर होती. आम्हा दोघांना बघून तिने शिवत असलेलं कापड छातीशी धरलं. "फरीथी? परत?" ती म्हणाली. छत कोरडं होतं. दादूने स्टुलावर चढून तळहात फिरवला, वर्तमानपत्राचा कागद चिकटवून बघितला. कोरडं. मग मागच्या बाजूला जाऊन नहाणीचा पाइप जिथे बाहेर पडतो तिथे बघितलं, बूच गळत असेल तर तिथे धार दिसेल म्हणून. तिथेही कोरडं.

वर आल्यावर तो पायरीवर बसला. "पाच बाय सात. अर्धा इंच म्हंजे तीन बादल्या पानी, ताई. तीन बादल्या खाली नाय, गटारात नाय. म्हंजे भिंतीत."

"भिंतीत?"

"भिंतीत मुरतंय कुठंतरी. फोडावं लागेल." असं म्हणून त्याने पिशवीतून छन्नी-हातोडा काढला. त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच असा पाहिला. बाप मुलीच्या सासरी तक्रार ऐकायला जातो तसा. "बावीस वर्षांत माझी रेघ अशी कदी उतरली नाय."

मला दीपाचा फोन येऊन गेला होता की तिने बॅग भरली. मी दारातच उभी राहून, फोडू नको आणि फोड, दोन्ही एकाच वेळी म्हणत होते.

तेवढ्यात गॅलरीतून सासूबाईंचा आवाज आला. "अगो, हातोडा कशाला? आधीच काय कमी ठोकलं का?"

सासूबाई पाम गावच्या. वय शहात्तर. लहानपणी विहिरीवरून पाणी आणलेलं, त्यामुळे आजही तांदूळ धुतलेलं पाणी वाया जाऊ देत नाहीत. मी सांगायला म्हणून गॅलरीत गेले आणि तिथेच थांबले. मोगऱ्याच्या कुंडीखालची ताटली काठोकाठ भरली होती. मिरचीची कुंडी चिखलात उभी. तुळशीची माती अजून चकाकत होती. कडीपत्ता, गवती चहा, अगदी शेजारच्यांच्या कठड्यावरची कोरफडसुद्धा न्हालेली.

"आई, झाडांना पाणी कुठलं घातलंत?"

"कुठलं म्हंजे? तुझ्या बाथरूमात साचलं होतं ना. तूच तं काल दिवसभर डास डास करत होतीस. म्हटलं, पहाटे काढून टाकू. आणि फेकायचं कशाला एवढं स्वच्छ पानी?"

"किती बादल्या?"

"अर्ध्या अर्ध्या सहा. माझी कंबर आता भरलेली उचलत नाय."

सहा अर्ध्या म्हणजे तीन. मागून दादूचा आवाज आला, हिशोब त्याचाही झाला होता. हातोडा हातातच होता. तो आधी भिंतीला टेकला, मग हसायला लागला, इतका की सासूबाई रागावल्या.

"हसतोस काय रे? तीन बादल्या पानी चोवीस तास बसवून ठेवतोस, लाज नाय वाटत?"

"आजी, तुमी माझा जीव घेतलात."

"जीव कुठे? पानी घेतलं."

मी म्हटलं, छत कोरडं आहे, पाइप कोरडा आहे, मी सही करते. दादूने कागद मागे घेतला. "कागदावर चोवीस लिवलंय. अठरा तासांनी पानी काढलं, ती परीक्षा नाय, कॉपी झाली." उद्या चारला दीपा येते, मी म्हटलं. "उद्या बाराला संपते," तो म्हणाला, आणि मला पुन्हा रेघेपर्यंत पाणी भरायला लावलं. बरोबर बारा वाजले होते.

या वेळी पहारेकरी सासूबाईच. त्यांनी बाथरूमच्या दारात खुर्ची टाकली, काठी आडवी धरली आणि माझ्या नवऱ्यालाही आत डोकावू दिलं नाही. मी मात्र दर दोन तासांनी रेघ बघायला जात होते. "तुझ्या नजरेनेच पानी आटेल," त्या म्हणाल्या.

रविवारी बाराला रेघेखाली फार तर एक सूत. किंजलने स्वतः वर येऊन सांगितलं की छत कोरडं आहे. तिने सकाळी छताला कोरडं पीठ लावून ठेवलं होतं, पीठही चिकट झालं नव्हतं. ही परीक्षा दादूच्या कागदावर नाही. त्याने ती कौतुकाने ऐकून घेतली.

आता बूच काढायचं आणि पाणी कुठेही न थांबता जाळीकडे जातं का ते बघायचं. मी हात घातला, तेवढ्यात सासूबाईंची काठी पुढे आली. "आधी माझ्या झाडांना." मग बावीस वर्षं मालकांच्या परीक्षेत हात न लावणाऱ्या दादू पागधरेने बादली उचलली आणि गॅलरीत सहा भरलेल्या खेपा घातल्या. उरलेलं पाणी मी सोडलं. ते वळण घेऊन जाळीत गेलं, कोपऱ्यात चमचाभरही राहिलं नाही.

मी सही केली. दादूने पेन घेतलं, प्लास्टिकमधून कागद बाहेर काढला आणि गुडघ्यावर धरून खाली लिहिलं: बारा. पाणी भरण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारणे.

"सांगणे लिही," सासूबाई म्हणाल्या. "विचारलंस तं मी नायच म्हणेन."

त्याने खोडून सांगणे केलं.

दीपा सव्वाचारला आली आणि आधी आंघोळच म्हणाली. आतून पाण्याचा आवाज येऊ लागला, मग तिची हाक, "आई, पाणी मस्त गरम आहे गं! आई? कुठे गेलीस?"

मी खाली होते. किंजल आणि मी शेजारी शेजारी उभ्या राहून छताकडे बघत होतो.