मंदाची कडी आणि काशीबाईंची मैत्री

काशीबाई तायडे यांची व माझी ओळख सुरतमधल्या लिंबायतच्या बुद्धविहारात, प्रौढ साक्षरतेच्या वर्गात झाली. दोघींचे वय साठीच्या घरात होते आणि पाटी एकच होती. त्यांनी सांगितले ते येथे लिहीत आहे.

काशीबाई यंत्रमागाच्या खात्यात सुताच्या कांड्या भरीत. माणसे पारखण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, असे त्यांचे मत होते. आणि पारखून झाल्यावर त्यांना बहुतेक माणसे हलकीच निघत. सर्वांत हलकी म्हणजे सख्खी धाकटी बहीण मंदा. १९९४च्या प्लेगच्या साली लोक सुरत सोडून पळत असताना काशीबाईंना ताप भरला. मंदाने बाहेरून कडी घातली आणि नवऱ्यासह भुसावळची गाडी धरली. ताप साधाच निघाला, परंतु शेजाऱ्याने कडी काढेपर्यंत दीड दिवस त्या कोंडलेल्या होत्या. त्याला दोन वर्षे झाली होती. मंदा परत येऊन समोरच्याच खोलीत राहत होती आणि काशीबाई तिच्या दाराकडे पाहून थुंकत. त्यांना ना नवरा उरला होता, ना मूलबाळ. रक्ताचे माणूस तेवढे एकच होते.

त्या पावसाळ्यात वर्षावासासाठी विहारात एक तरुण भंते राहिले. संध्याकाळच्या वंदनेनंतर ते मैत्री भावना, म्हणजे सर्वांचे सुख चिंतण्याचे ध्यान, शिकवू लागले. “मिशी फुटली नाही, आन् मले प्रेम शिकवतो!” काशीबाई पुटपुटल्या; पण सतरंजीवर बसल्या.

पाठ ताठ, अंग सैल, डोळे मिटलेले. पहिली पायरी स्वतःची: मी वैरमुक्त होवो, मी निर्भय होवो, मी सुखी होवो.

“स्वतःलेच कशाला, भंतेजी? मतलबी लोकाईचं काम हे!”

“माय, आपल्याला सुख हवे आहे हे नीट कळले, की समोरच्यालाही तेच हवे आहे हे कळते.”

दुसरी पायरी उपकारकर्त्याची. सर्व बायांनी एका सुरात बाबासाहेबांचे नाव घेतले. भंते म्हणाले, “त्यांना वंदन करा. पण ही भावना जिवंत माणसापासून सुरू करायची असते.” काशीबाईंना हे मुळीच पटले नाही. तरी त्यांनी नाइलाजाने वर्ग घेणारी प्रज्ञा निवडली, कारण त्यांच्या वाकड्या ‘क’ला ती हसली नव्हती. पुढे जवळची मैत्रीण, आणि त्यानंतर ज्याच्याविषयी ना प्रेम ना राग असा माणूस. काशीबाईंनी घासलेटवाला धरला, पण दोन श्वासांत सोडून दिला. असल्या फडतूस माणसांवर वेळ कोण घालवील? त्यांनी थेट मंदाला पुढे घेतले. छाती आवळली, दात एकमेकांवर बसले, आणि शांत विहारात मोठ्याने शब्द उमटले, “सुखी हो, सटवे!”

बाया पदरात तोंड घालून हसल्या. भंते हसले नाहीत.

“द्वेष उठला, एवढे ओळखा. वाक्यांनी त्याला दडपू नका. अंगात कुठे आवळले आहे ते पाहा. मग मागे फिरा, प्रज्ञाताईंवर या. मन मऊ झाले की पुन्हा पुढे. आणि सर्वांत कठीण माणूस पहिल्याच दिवशी घेऊ नका.”

“तरी नाही जमलं तं?”

“तिचा एखादा गुण आठवा.”

“एकबी नाही.”

“मग तिला काहीतरी द्या. दिल्याने हात सैल होतो.”

“म्हंजे तिनं केलं ते बरं केलं म्हनू?”

“नाही. ते वाईटच होते. पण निखारा तुमच्या हातात आहे, माय; चटका तुम्हालाच बसतो आहे.”

काशीबाई महिनाभर बसल्या. मंदापर्यंत येत, आणि छाती आवळली की प्रज्ञेकडे परत जात. एका संध्याकाळी त्यांना आठवले, की कडी घालण्यापूर्वी मंदाने उशाशी पाण्याचा हंडा आणि चार भाकरी ठेवल्या होत्या. हे त्यांनी आजवर कोणालाच सांगितले नव्हते. “भाकरी करपेलच होत्या,” असे त्यांनी मनाला लगेच बजावले. पण छाती तितकी आवळली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मंदाकडे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, पाठवले, मुद्दाम तुटके. संध्याकाळी ध्यानाला बसल्या तर डोळ्यांपुढे ते तुकडेच आले. मग स्वतः उठून अख्खे बिबडे ताटलीत घालून देऊन आल्या. मंदाने रिवाजाप्रमाणे ताटली रिकामी परत केली नाही. तिच्यात साखर घातली.

“चिमूटभर,” काशीबाई म्हणाल्या. “चिक्कूच मेली.”

तरी त्या संध्याकाळी त्या प्रथमच शेवटच्या पायरीपर्यंत गेल्या. स्वतः, प्रज्ञा, मैत्रीण, घासलेटवाला, मंदा, यांत भेद न करता चारी दिशांच्या सर्व प्राण्यांना त्यांनी सुख चिंतले. मंदाला मात्र, त्यांच्याच शब्दांत, “सगळ्याईच्या मागं उभी केली.”

भाद्रपदात काशीबाईंना हिवताप झाला. मंदा न बोलावता पेज घेऊन आली. पेज पातळ होती आणि मीठ नव्हते. काशीबाईंनी दोन्ही गोष्टी तिला सांगितल्या व वाटी संपवली. मंदा उठली आणि दाराशी पोहोचली, तेव्हा काशीबाई दोन वर्षांत प्रथमच तिला नावाने हाक मारून म्हणाल्या,

“मंदे, जाताना बाहेरून कडी लावू नको.”