कानाला न पोचलेला हात

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते आमच्या गावातल्या पहिलीच्या बाईंचं. तेव्हा गावात जन्माचे दाखले फारसे नसत. पोराला उभं करायचं, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाकडे न्यायला सांगायचं. बोटं कानाला लागली की पोर सहा वर्षांचं, घ्या शाळेत. माझी बोटं लागली नाहीत. मोठे गुरुजी म्हणाले, "पुढच्या वर्षी आणा."

आई दारातच थांबली होती. घरातलं कुणी शाळेत गेलेलं नव्हतं, त्यामुळे वाद कसा घालतात हे तिला ठाऊक नव्हतं. बाई म्हणाल्या, "गुरुजी, हात आखूड आहे, वय नाही. आधी त्याच्या आईला विचारू या." आईने सांगितलं, नदीवरचा पूल झाला त्या पावसाळ्यातला. बाईंनी हिशेब केला, एक जून ही तारीख लावली आणि मला पहिल्या रांगेत बसवलं.

आज मी इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत मुलांचा डॉक्टर आहे. आईबापांशिवाय एकटी या देशात आलेली, कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, देखरेखीखालची मुलं पहिल्या तपासणीला माझ्याकडे येतात. गेल्या हिवाळ्यात सुदानचा एक मुलगा आला. वय सोळा, असं तो सांगत होता. दाढी भरगच्च, आवाज घोगरा, खांदे रुंद. सोबत कौन्सिलच्या वतीने त्याला घरी सांभाळणाऱ्या बाई होत्या, साठीच्या, पंजाबी, आणि कौन्सिलची तरुण सोशल वर्कर. दुभाषी फोनवर.

तपासणी सुरू होण्याआधी सोशल वर्कर मला बाजूला घेऊन म्हणाली, "डॉक्टर, आमच्या मॅनेजरना एकच ओळ हवी आहे. वयात येण्याचे पाच टप्पे असतात ना? हा पाचव्यात असेल, तर प्रौढ असं लिहा."

प्रौढ ठरला की ते घर सुटणार, कॉलेजही बहुधा सुटणार, आणि त्याला अनोळखी मोठ्या पुरुषांबरोबर राहावं लागणार.

मी म्हणालो, "पाचवा टप्पा म्हणजे वाढ जवळजवळ पूर्ण झाली, एवढंच. कुणाची चौदा-पंधराव्या वर्षी होते, कुणाची अठराव्या. सुरुवातच एकाची दहाव्या वर्षी होते, दुसऱ्याची चौदाव्या, आणि दोघेही ठणठणीत असतात. टप्प्यावरून वाढ कुठवर आली ते कळतं, जन्मतारीख कळत नाही."

"पण दिसतो तर पंचविशीचा."

"मी सोळाचा होतो तेव्हा बाराचा दिसायचो. पहिल्यांदा दाढी केली ती मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला. तुमच्या हिशेबाने मतदान केलं तेव्हा मी बालक होतो."

ती हसली, पण म्हणाली, "मॅनेजर ऐकणार नाहीत."

"मग त्यांच्याशी मी बोलतो. आणि वय ठरवण्यासाठी मी त्याचे कपडे उतरवणार नाही. तब्येतीसाठी लागेल तेवढंच तपासेन, तेही त्याला विचारून."

आत पंजाबी बाई दुभाषीला ऐकवत होत्या, "दाढी आहे, पण दोन मोजे एका जोडीचे सापडत नाहीत याला. लहानच आहे."

मी म्हणालो, "मोज्यांवरून ठरवलं तर घोटाळा होईल."

"खरंय. माझा नवरा बासष्टचा आहे, त्यालाही सापडत नाहीत."

मुलाने छाती, डोळे, दात तपासू दिले. शर्टाची बटणं लावताना त्याने दुभाषीकरवी विचारलं, "दाढी काढून आलो तर चालेल का?"

"इथे दाढीचा काही संबंध नाही," मी म्हणालो. "आवडत असेल तर ठेव."

अहवालात लिहिलं की शारीरिक वाढीवरून वय सांगता येत नाही, आणि जे दिसतं ते सोळाव्या वर्षाशीही जुळतं. मॅनेजरांचा फोन आला. "निदान 'बहुधा प्रौढ' तरी लिहा." मी नाही म्हणालो. पुन्हा आला, पुन्हा नाही म्हणालो. ठरवायचं त्यांनीच होतं. मात्र त्याची हकीकत ऐकून, त्याला रोज पाहणाऱ्यांना विचारून. माझ्या नावावर ढकलून नाही.

निकाल कळला त्या संध्याकाळी गावातल्या पहिलीच्या बाईंना पत्र लिहिलं.

"ती. बाईंना साष्टांग नमस्कार.

तुम्ही आता काठी घेऊन चालता असं आईने सांगितलं. काठी घरात ठेवून चालू नका.

इथे एका मुलाचं अंग बघून त्याचं वय ठरवायला निघाले होते. मी तयार झालो नाही. नंतर दोन सोशल वर्कर त्याच्यापाशी बसल्या, घरच्या बाईंना आणि कॉलेजच्या शिक्षकांना विचारलं, आणि त्याचं सांगणं मान्य केलं. तो त्याच घरी राहील. त्याच्या वयाचा पक्का पुरावा माझ्याकडे नाही. माझ्याही वयाचा तुमच्याकडे नव्हता. तरी तुम्ही आईला विचारलं होतं.

माझा हात कानाला नक्की कधी पोचला, आठवत नाही. तेव्हा मी तुमच्या वर्गात होतो, एवढं पक्कं.

तुमचा विद्यार्थी."