तळातली माती

१२ जून २०२३ रोजी वळसंगच्या मल्लप्पाने शेतकरी उत्पादक कंपनीत एक हजार रुपये भरले. दहा रुपयांचे शंभर शेअर. पावती त्याने नीट घडी घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली.

त्या खरिपात कंपनीने एक्केचाळीस सभासदांचं तुरीचं बियाणं आणि खत एकदम घेतलं. मल्लप्पाला खताचं पोतं दुकानापेक्षा साठ रुपयांनी स्वस्त पडलं. पण मालाचं काय, ही धाकधूक होतीच. तीस वर्षं तो दुधनीला अडत्याकडं तूर घालत आला होता. अडत्या खडामातीच्या नावाखाली क्विंटलमागं दोन किलो वजन, म्हणजे कडता, कापायचाच, माल कितीही स्वच्छ असो. म्हणून मल्लप्पाही पोत्याच्या तळाला न चाळलेली तूर भरी, खडामातीसकट. यात लबाडी आहे असं त्याला कधी वाटलं नाही. तो आपला हिशोब होता.

जानेवारीत कंपनीच्या तुरीचा डाळमिलला जाणारा पहिला ट्रक भरायचा होता. कंपनीचं काम बघणारी महेश्वरी सगळ्यांना सांगत होती, "डाळमिलवाले कडता घेणार नाहीत. पण कुठलीही पाच पोती ओतून बघणार. एकाच्या तळाला जरी माती निघाली, तर अख्खा ट्रक कडता लावून घेणार. आणि पुढचा करार नाही."

मल्लप्पाची सहा पोती परखीने, म्हणजे पोत्यात खुपसून नमुना काढायच्या पोकळ सळीने, तपासून झाली होती. परखी तळापर्यंत पोचत नव्हती. हमालांनी त्यातली दोन ट्रकवर चढवलीही होती. सवयीने हात चालला होता. याही पोत्यांच्या तळाला न चाळलेली तूर गेली, हे भरताना त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"पोरी, माजी पोती उतरव," तो म्हणाला.

"का हो काका?"

"तळाला चाळलेली न्हाय."

शेजारच्या शेतातला चनबसप्पा हसला. "आता मातीबी कंपनीला इकतोस व्हय रे मल्ल्या?"

"अडत्याला इकत होतो की. तू न्हाय इकलास?"

चनबसप्पाचं हसू थांबलं. हातातली तंबाखू झटकून तो ट्रककडं गेला आणि हमालाला म्हणाला, "ती चार बी काढ. माजी हायत."

दोघांनी चाळणी धरली. कपाळाला धूळ, मिशांना धूळ.

"लई वर्सं वजन केलं आपण मातीचं," चनबसप्पा म्हणाला.

"हळू बोल. ती पोरगी लिहून घेईल."

दहा पोत्यांतून एकोणीस किलो खडामाती निघाली. ट्रक तीन तास थांबला. मिलमध्ये पाच पोती ओतली, त्यात एक मल्लप्पाचं होतं. कडता लागला नाही. पैसे एक्केचाळीस जणांच्या खात्यात जमा झाले आणि मिलने पुढच्या हंगामाचा करार केला.

ट्रकवाल्याने थांबण्याचे चारशे ऐंशी रुपये मागितले. ते कंपनीने दिले आणि दोघांच्या नावावर निम्मे निम्मे टाकले. चनबसप्पाने दुसऱ्या दिवशी भरले. मल्लप्पाकडून दोनशे चाळीस रुपये अजून येणे आहेत.