भेटायला येणाऱ्यांनी बाबांना निजवलं

न्यूमोनियातून बाबा घरी आले तेव्हा डॉक्टरांनी मला बजावलं होतं. खोकला काही आठवडे राहील, थकवा त्याहून जास्त. पण दिवसभर झोपवून ठेवू नका. ताठ बसून, श्वास ओढला की आत तीन छोटे चेंडू वर चढतात त्या यंत्रातून श्वास सावकाश आत ओढायचा, क्षणभर धरायचा, सोडायचा. रोज थोडं जास्त चालायचं. आणि ताप परतला, बसल्या जागी धाप लागली, बेडका हिरवा-पिवळा झाला, बोलणं असंबद्ध झालं, तर लगेच आणायचं.

एवढं सोपं! पण आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जायचंच असतं, नाही गेलं तर नातं तुटतं. बाबा जन्मभर हातमागावर बसलेले, भिडस्त माणूस. दारात चप्पल वाजली की यंत्र उशीखाली सरकवायचे आणि आडवे व्हायचे.

"काहून झोपले? आता तर बसले होते," मी विचारायची.

"लोक एवढ्या दुरून येऊन राहिले वं. मी टुणटुणीत दिसलो तर कसं दिसते?"

काटोलच्या मामांनी पिशवीभर संत्री आणली आणि वर सांगितलं, "त्याले देऊ नका, खोकला वाढते." मग आणली कशाला, देव जाणे! आत्या तर मुक्कामालाच होती. मी बाबांना अंगणात चालवायला उठवलं की कडाडायची, "जीव नाही त्याच्या अंगात, पडू दे!" माझा संताप संताप व्हायचा. तरी मी पाहुण्यांसाठी चहा टाकायची.

नवव्या दिवशी दुपारपर्यंत बाबा उठलेच नाहीत. भाकरीला हात लावला नाही. आत्या खूश. "आता कुठं आराम पडला त्याले."

तेवढ्यात बाबांनी डोळे उघडून मला विचारलं, "मागावर कोण बसलं?"

माग विकून वीस वर्षं झाली होती. पाहुणे हसले. मी त्यांच्या कपाळाला हात लावला, चटका बसला. घड्याळ लावून श्वास मोजले, पडल्या पडल्या मिनिटाला बत्तीस, नेहमीच्या दुप्पट.

"उठा सगळे!" मी ओरडले. उभ्या आयुष्यात पाहुण्यांवर मी पहिल्यांदाच ओरडले. ऑटो बोलावला, दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा इन्फेक्शन आहे. आज आणलं म्हणून बरं.

आठ दिवसांनी बाबा घरी आले आणि मी खाटेजवळच्या सगळ्या खुर्च्या उचलल्या. ज्याला भेटायचं त्यानं बाबांसोबत कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत चालावं, दम लागला की दोघांनी थांबावं. लोक म्हणाले, पोरगी माजली. म्हणोत!

पहिल्याच दिवशी आत्या अर्ध्या वाटेत थांबली. "बस झालं गा भाऊ, पडून राय थोडा."

बाबा भिंतीला धरून खोकले, श्वास जुळवला. "पडून पायलं न बाई," ते म्हणाले, "तुम्हा सगळ्यायचं मन राखाले. मरतच होतो."

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही आलं, कारण ते नऊ दिवस पाहुण्यांचं मन राखायला चहा मीच टाकत होते.